शेवटच्या खांबावर ३३० व्होल्ट: मोटार भरण्याआधी सरपंचांचं पत्र जाऊ द्या

गहू-हरभऱ्याची पाणी भरणी सुरू झाली की माझ्या वाइंडिंगच्या दुकानात मोटारींची रांग लागते. मागच्या हंगामात एकाच वस्तीवरून तीन आठवड्यांत चार मोनोब्लॉक आले, सगळे पाच एचपीचे. उघडले तर चारही मोटारींत तिन्ही फेजचं वाइंडिंग सारखंच काळं, वार्निश करपून ठिसूळ झालेलं. फेज गेल्यामुळे मोटार जळते तेव्हा असं दिसत नाही. तेव्हा जोडणीप्रमाणे एक किंवा दोन फेज करपतात आणि उरलेलं तांबं नव्यासारखं चकाकत असतं. सगळं वाइंडिंग एकसारखं भाजलं असेल, तर मोटारीने बराच वेळ जास्त अँपिअर ओढलेले असतात. पंप जाम नव्हता, बेअरिंगही मोकळं फिरत होतं. म्हणजे दोष तारेत शोधायला हवा होता.

मोटारीला तेवढंच पाणी उचलायचं असतं. व्होल्टेज कमी मिळालं तर ती अँपिअर वाढवून काम भागवते. ४१५ व्होल्टला आठ अँपिअर घेणारी मोटार ३३० व्होल्टला साधारण दहा घेते, आणि वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीवर जाते. सुरू होतानाचा जोर तर तीन पंचमांशाच्या जरा वर उरतो. मोटार नुसती घुमते, उचलत नाही. मग काही जण स्टार्टरचा ओव्हरलोड रिले वर सरकवून ठेवतात. त्या दिवशी पाणी मिळतं, पण चार दिवसांनी मोटार माझ्याकडे येते.

वस्तीचे सरपंच म्हणाले, "कितीदा सांगितलं साहेबांना, व्होल्टेज नाही म्हणून. बघतो म्हणतात." मी म्हटलं, "नाना, 'व्होल्टेज नाही' याला कुणीही 'बघतो'च म्हणणार. आकडे द्या."

आकडे दोन ठिकाणचे आणि एकाच वेळचे हवेत. एक डीपीच्या सर्वांत जवळच्या शेतकऱ्याच्या स्टार्टरवर, दुसरा शेवटच्या खांबावरच्या पंपाच्या स्टार्टरवर. डीपीची पेटी उघडायला जाऊ नका, जवळच्या स्टार्टरवरून काम भागतं. मोजणाराही जाणता वायरमनच असावा. फोन लावून दोघांनी एकदमच, पंप चालू असताना, तीन फेजच्या तिन्ही जोड्यांमधलं व्होल्टेज लिहून घ्यायचं. दोन्हीकडे कमी असेल तर दुखणं डीपीवर किंवा तिच्या मागच्या अकरा केव्ही लाइनवर आहे. जवळ ठीक आणि शेवटी तिन्ही जोड्या सारख्याच पडलेल्या असतील, तर लाइन लांब आहे किंवा तिच्यावर लोड जास्त आहे. एखाद-दुसरी जोडीच पडली असेल तर बहुधा कुठे तरी जंपर ढिला आहे. त्याला नवीन डीपी लागत नाही, वायरमनचा एक तास लागतो. चुकीचा इलाज मागितला तर वर्ष वाया जातं, म्हणून हे आधी ओळखायचं.

पत्र लिहिण्याआधी आम्ही आपलं घरही झाडून घेतलं, कारण अभियंता पहिला बोट तिथेच ठेवतो. दोघांकडे मंजूर भार पाचचा आणि मोटार साडेसातची निघाली. त्यांनी वाढीव भाराचा अर्ज केला. कॅपॅसिटर फक्त तिघांकडे चालू होते, बाकीच्यांनी पाच एचपीला दोन केव्हीएआर या हिशोबाने बसवले. ऑटो स्विच सगळ्यांकडे होते. लाइट आली की दहाही मोटारी एकदमच उठायच्या, आणि त्या क्षणी शेवटच्या माणसाकडे काहीच उरायचं नाही. काहींनी ते काढले, काहींनी टायमर लावून पंप दोन-दोन मिनिटांच्या फरकाने सुरू होतील असं केलं. हे सगळं झाल्यावर शेवटच्या स्टार्टरवर दहाच व्होल्ट वाढले, त्याहून जास्त नाही. पण पत्रात ते लिहिता आलं.

पत्र असं गेलं. गावाचं नाव आणि ग्राहक क्रमांक गाळले आहेत.

"प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
वीज वितरण उपविभाग.

विषय: कृषी लघुदाब वाहिनीच्या शेवटच्या टोकास कमी दाबाने वीजपुरवठा होत असल्याबाबत.

महोदय,
आमच्या वस्तीवरील १०० केव्हीए रोहित्रावरून निघणारी लघुदाब वाहिनी १.२ किलोमीटर लांब असून तिची तार वीझल आहे. तिच्यावर साधारण सारख्या अंतराने दहा कृषीपंप आहेत. सर्व पंप चालू असताना सकाळी साडेनऊ वाजता रोहित्राजवळील स्टार्टरवर ४१०, ४०८ व ४११ व्होल्ट, तर शेवटच्या स्टार्टरवर ३३४, ३३१ व ३३६ व्होल्ट मिळाले. पाचच पंप चालू ठेवले असता शेवटी ३७२ व्होल्ट मिळाले. कॅपॅसिटर बसवल्यानंतर व पंप टप्प्याटप्प्याने सुरू केल्यानंतरही, दहा पंपांवर शेवटचा दाब ३४५ व्होल्टच्या आसपासच राहतो. लघुदाब पुरवठ्यात ४१५ व्होल्टच्या ६ टक्के खालपर्यंत, म्हणजे ३९० व्होल्टपर्यंत, मुभा आहे. तिन्ही फेज सारख्याच पडत असल्याने दोष लाइनच्या लांबीचा व भाराचा आहे.
तरी आपल्या अभियंत्यांनी पंप चालू असताना दोन्ही टोकांना संयुक्त मोजणी करावी व अकरा केव्ही लाइन सुमारे ६०० मीटर पुढे आणून रोहित्र पंपांच्या मध्यभागी बसवावे, ही विनंती. खांबांसाठी बांधावर जागा देण्याचे संबंधित शेतकऱ्यांचे संमतिपत्र सोबत जोडले आहे. जळालेल्या चार मोटारींची दुरुस्ती-बिले व ग्राहक क्रमांकांची यादीही जोडली आहे.
आपला,
सरपंच"

रोहित्र मधोमध का मागितलं, जाड तार का नाही, हा प्रश्न ग्रामसभेतही आला. हिशोब असा. लाइनवर एकूण ८० अँपिअर आणि पंप सारखे विखुरलेले, म्हणून सरासरी अंतर ६०० मीटर धरायचं. वीझल तारेत दर अँपिअर-किलोमीटरला सुमारे १.६ व्होल्ट पडतात. म्हणजे ७७-७८ व्होल्ट, मीटरने दाखवलं तेवढेच. तीच लाइन वीझलहून जाड अशा रॅबिट तारेने बदलली तरी ५३ व्होल्ट पडतात आणि शेवटी ३५७ च्या पुढे काही मिळत नाही. डीपी मध्ये आणली की लाइनचे दोन तुकडे होतात. प्रत्येकावर निम्मा भार आणि निम्मं अंतर, म्हणून घट चौथाईवर, वीसच्या आसपास येते. कॅपॅसिटर धरले तर त्याहूनही कमी, म्हणजे शेवटचा माणूस ३९० च्या वर. आता अकरा केव्हीची लाइन ओढायला खर्च येतो आणि मंजुरीला वेळ लागतो, हे खरंच आहे. पण तार बदलून निम्मा-अर्धा आराम घेतला की पुढची दहा वर्षं कुणी त्या लाइनकडे बघत नाही, असा माझा अनुभव आहे.

पत्र हातात देऊन परत येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मुदतीत काही झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालांकडे जाता येतं, आणि दोन्हीकडे पहिल्यांदा तीच शिक्क्याची प्रत मागतात. तिथली तक्रार ग्राहक म्हणून त्या-त्या शेतकऱ्याच्या नावाने करावी. सरपंचांचं पत्र तिच्यासोबत जोडायचं.

काम होईपर्यंत दोन गोष्टी करा. रिले मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरवरच ठेवा. आणि व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेलं की पंप बंद करणारं यंत्र स्टार्टरमध्ये बसवून घ्या. ती मर्यादा ३५० वर ठेवा. पाटीवर व्होल्टेजचा पट्टा दिला असेल तर त्याचा खालचा आकडा धरा. पंप बंद पडेल, बोलणी खाल, एक पाळी उशिरा जाईल. गव्हाच्या पहिल्या पाण्याला, पेरणीनंतरच्या १८ ते २१ दिवसांत, हे परवडत नाही म्हणून त्या आठवड्यात वस्तीने पाळ्या लावा: पाच पंप सकाळी, पाच दुपारी. ३७२ व्होल्टला मोटार थोडी गरम होते, पण जळत नाही.