बोरिंगच्या पाण्याचा हार्डनेस काढताना ब्लँक विसरू नका

इंदूरला बऱ्याच घरात नर्मदेचं नि बोरिंगचं, दोन्ही पाणी असतं, तेव्हा प्रॅक्टिकलला बोरिंगचंच न्या, रीडिंग मोठं येतं. ५० मिली पाणी, १-२ मिली अमोनिया बफर म्हणजे पीएच १० च्या आसपास, चिमूटभर इरिओक्रोम ब्लॅक टी, आणि ब्युरेटमधे ०.०१ मोलर ईडीटीए. वाइन रेड रंग आधी जांभळा होतो आणि सगळे तिथेच थांबतात, पण लाल झाक पूर्ण जाऊन स्वच्छ निळा व्हायला हवा, म्हणून शेवटी एकेक थेंब, आणि प्रत्येक थेंबानंतर नीट हलवायचं.

समजा १८.७ मिली ईडीटीए लागलं आणि ब्लँकला, म्हणजे बोरिंगऐवजी डिस्टिल्ड वॉटर घेऊन हेच सगळं केलं त्याला, ०.३, तर खरे १८.४. या ईडीटीएचा १ मिली म्हणजे १ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून

```
18.4 × 1000 / 50 = 368 mg/L
```

ब्लँक वजा केला नाही तर ३७४ येतं.

रंग निळा होऊन परत लालसर होत असेल तर बहुतेक कार्बोनेटचा साका हळूहळू विरघळतोय, बफर घातल्यावर पाणी तसंच ठेवलं की असं होतं, पाच मिनिटांत टायट्रेशन उरकाच. आणि बदल अगदीच धूसर वाटला तर बफरची बाटली बघा, सारखी उघडी राहिली की अमोनिया उडतो, पीएच उतरतो.