गेमिंगचा पसारा होम इन्शुरन्समध्ये टाकायचाय? आधी बिल नसलेल्या वस्तू बघा

22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा आमच्या तळमजल्यावर माझा पीएस थ्री, असेम्बल केलेला पीसी आणि साठेक डिस्क होत्या. इन्शुरन्स होता, पण बिलं लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, म्हणजे वस्तूही गेली आणि तिचा पुरावाही गेला. "बिलं फाइलला लावून ठेवा" असं सांगणाऱ्यांचा मला तेव्हापासून रागच येतो. दुकानातली पावती तशीही थर्मल कागदाची, आपल्या दमटीत दोन पावसाळ्यांत कोरी होते. ती घेतल्या दिवशीच फोटो काढून ड्राइव्हवर टाका, विषय संपला.

पॉलिसी कुठली ते बघा. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या कंपन्यांकडे भारत गृह रक्षा नावाची ठरावीक पॉलिसी असते, तिच्यात घराचा विमा घेतला की घरातल्या सामानाला घराच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, एवढं कव्हर आपोआप मिळतं, आणि त्याहून जास्त हवं तर सामानाची माहिती द्यावी लागते. पूर, वादळ, आग, वीज पडणं हे त्यात आहे. पण नुसती घरफोडी नाही, चोरी धरतात ती अशा घटनेनंतरच्या 7 दिवसांतली. लाइट गेली-आली आणि व्होल्टेजने ग्राफिक्स कार्ड उडालं तर तेही नाही. दोन्हीसाठी वेगळं अ‍ॅड-ऑन मागा. डाउनलोड केलेले गेम मात्र विसराच, ती वस्तूच नाही.

आता खरी डोकेदुखी. माझा पीएस थ्री मामाने कुवेतहून आणलेला. मामाला फोन केला तर म्हणे, "अरे पावती? ती तिथेच टाकली असेन, बारा वर्षं झाली त्याला!" कोकणात निम्म्या घरांत असा आखातातून आलेला माल असतो, त्यामुळे हे नीट वाचा. मामाकडून साध्या कागदावर लिहून घ्या: काय वस्तू, सिरीयल नंबर, कधी आणली, कोणाला दिली, खाली सही. त्याला खोक्याचा फोटो आणि मशीनच्या स्टिकरचा फोटो जोडा. सेकंडहॅन्ड घेतलं असेल तर यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि विकणाऱ्याशी झालेलं चॅट ठेवा, रोख देऊन मोकळे होऊ नका. नुसता एक कागद नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला पुरत नाही, पण तीन वेगवेगळ्या ठिकाणचे पुरावे एकच नंबर सांगत असले की तो फार खोलात जात नाही.

पीएस फाइव्हचा नंबर Settings > System > System Software > Console Information मध्ये मिळतो. पीसीचं मात्र फसवं आहे. कोणी तरी विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टाकायला ही कमांड सांगतं:

```
Get-CimInstance Win32_BIOS
```

असेम्बल केलेल्या पीसीवर सिरीयल नंबरच्या जागी बऱ्याचदा "To be filled by O.E.M." एवढंच येतं. माझंही तेच आलं, आणि दुकानाच्या बिलावर "कॉम्प्युटर सेट 1 नग". म्हणून कॅबिनेट उघडा, ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, एसएसडी यांच्या स्टिकरचे फोटो काढा आणि दुकानदाराकडून पार्टनिहाय जीएसटी बिल घ्या. नंतर देतो म्हणाला तर पैसेही नंतर.

किंमत लावताना लोक हमखास घोळ करतात. चालू मालाला आजचा दुकानातला भाव लावा, तुम्ही दिलेला नाही. बंद झालेल्या मालाला ऑनलाइन मागितलेला भाव लावू नका, तो कोणीही काहीही मागतो. खरोखर विकले गेलेले तीन भाव शोधा आणि मधला घ्या. माझ्या जुन्या पीएस टूला एक जण 14,000 मागत होता, पण विकले गेलेले होते 6,500, 7,000 आणि 8,200. मी 7,000 लिहिले, तिन्हींचे स्क्रीनशॉट जोडून.

दुर्मिळ एडिशन असतील तर ते मौल्यवान वस्तूंच्या कव्हरमध्ये घेता का, हे कंपनीला ईमेलवर विचारा, एजंटच्या "हो हो, होतंय" वर जाऊ नका. त्या कव्हरमध्ये किंमत आधीच ठरवून लिहिली जाते, आणि एकूण 5 लाखांपर्यंत, एक वस्तू 1 लाखाच्या आत असेल, तर व्हॅल्युएशन सर्टिफिकेट मागत नाहीत.

मग यादी, फोटो आणि घरभर फिरून काढलेला एक व्हिडिओ कंपनीला पाठवायचा आणि एंडोर्समेंट, म्हणजे या वस्तू पॉलिसीत नोंदवल्याचा कागद, मागायचं. कागद आला की ओळ न् ओळ वाचा. माझ्या पहिल्या कागदात नुसतं "गेमिंग मशीन 1 नग" आलं होतं, परत पाठवला.