लसीकरण मोहिमेचं वेळापत्रक कसं आखावं: स्वॉटपासून क्रिटिकल पाथपर्यंत

आरोग्य नियोजनाचं चक्र पाठ असलेली माणसं पुष्कळ भेटतात. परिस्थितीचा आढावा, उद्दिष्टं, साधनांची मोजदाद, अग्रक्रम, आराखडा, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन आणि तिथून पुन्हा आढावा. क्रम बरोबर असतो. मोहीम अडते ती आराखड्याच्या टप्प्यावर. तिथे बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके मांडणारा स्वॉटचा तक्ता एका फाइलीत असतो, वेळापत्रक दुसऱ्या फाइलीत, आणि दोन्हींची गाठ कधी पडत नाही. ती गाठ कशी घालायची ते एका गोवर-रुबेला मोहिमेचं उदाहरण घेऊन दाखवतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मीच ठरवलेले आहेत. तुमचे वेगळे असतील, रीत तीच राहील.

उद्दिष्ट आणि लसीचा हिशेब

आपल्या भागात 9 महिने ते 15 वर्षांखालची 20,000 मुलं आहेत असं धरू. गोवराचा फैलाव थांबवायचा तर सुमारे 95 टक्के मुलं सुरक्षित व्हावी लागतात, म्हणून किमान 19,000 हे उद्दिष्ट. लस मात्र सगळ्या 20,000 मुलांसाठी मागवायची. कुपी 10 डोसची असते आणि एकदा विरघळवली की काही तासांनंतर उरलेली टाकून द्यावी लागते, म्हणून 10 टक्के नासाडी धरा. म्हणजे 100 डोसांतले 90 च कामी येतात. 100 भागिले 90 म्हणजे 1.11; 20,000 ला 1.11 ने गुणलं की 22,200 डोस, म्हणजे 2,220 कुप्या. विद्रावकही तितकाच आणि त्याच उत्पादकाचा.

स्वॉट: तक्ता भरू नका, कामं शोधा

बलस्थानं आणि उणिवा आपल्या संस्थेच्या आतल्या, संधी आणि धोके बाहेरचे. एवढं पाळलं तरी अर्धा गोंधळ मिटतो. कर्मचारी कमी असणं ही उणीव आहे, तिला धोका म्हणू नका. मोहिमेच्या दिवसांत शाळांच्या परीक्षा येणं हा धोका आहे.

माझा नियम कडक आहे. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीतून एखादं काम, एखादी मुदत किंवा एखादी तारीख निघाली पाहिजे. निघत नसेल तर ती ओळ खोडा. ‘कर्मचारी निष्ठावान आहेत’ हे खरं असेल, पण त्यातून काही ठरत नाही. ‘अनुभवी टोचणाऱ्यांच्या 20 तुकड्या आहेत’ असं लिहा. एका तुकडीचे दिवसाला 100 डोस धरले की दिवसाला 2,000 मुलं होतात, म्हणजे मोहीम 10 दिवसांची. बलस्थानातून मुदत मिळाली. ‘आयएलआर जुना आहे, तापमान वर जातं’ ही उणीव असेल, तर लस साठवायच्या त्या शीतकपाटाची दुरुस्ती हे वेळापत्रकातलं स्वतंत्र काम झालंच पाहिजे. परीक्षा हा धोका असेल, तर मोहीम कोणत्या तारखेआधी संपायला हवी ते कळलं.

कामं आणि मुदती

आता कामं मांडू. प्रत्येक कामापुढे दोनच गोष्टी लिहायच्या: किती दिवस लागतील, आणि त्याआधी काय पूर्ण व्हायला हवं.

- मुलांची घरनिहाय आणि शाळानिहाय यादी: 15 दिवस, लगेच सुरू होते
- आयएलआरची दुरुस्ती: 12 दिवस, लगेच सुरू होते
- प्रशिक्षण साहित्याची छपाई: 10 दिवस, लगेच सुरू होते
- लसीची मागणी आणि पुरवठा: 30 दिवस, यादीनंतर
- टोचणाऱ्यांचं प्रशिक्षण: 8 दिवस, यादी आणि छपाईनंतर
- शाळांत पालकसभा: 14 दिवस, यादीनंतर
- केंद्रांना लसवाटप: 4 दिवस, लस आल्यावर आणि ती ठेवायला आयएलआर चालू असल्यावर
- प्रत्यक्ष मोहीम: 10 दिवस, वाटप, प्रशिक्षण आणि पालकसभा झाल्यावर
- राहिलेल्या मुलांसाठी फेरी: 5 दिवस, मोहिमेनंतर

पुरवठ्यासारख्या बेभरवशाच्या कामाची मुदत अंदाजपंचे लिहू नका. पुरवठा करणाऱ्यांना तीन आकडे विचारा. सगळं सुरळीत झालं तर 20 दिवस, बहुधा 28, वाईटात वाईट 48. मधल्या आकड्याला चारपट वजन देऊन बेरीज 6 ने भागा: 20 अधिक 112 अधिक 48 म्हणजे 180, भागिले 6 म्हणजे 30. ही पर्ट पद्धतीची रीत, 1958 मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी तयार झालेली. क्रिटिकल पाथ त्याच सुमाराची, ड्यूपाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांत घडलेली.

क्रिटिकल पाथ: इथे सावकाश चला

सुरुवातीपासून शेवटापर्यंत जेवढ्या वाटा जातात, त्या प्रत्येकीच्या दिवसांची बेरीज करा. यादी, पुरवठा, वाटप, मोहीम, फेरी ही वाट 64 दिवसांची. पालकसभांवरून जाणारी 44 ची, यादीनंतर प्रशिक्षणावरून जाणारी 38 ची, छपाईवरून प्रशिक्षणाकडे जाणारी 33 ची, दुरुस्तीची 31 ची. सगळ्यांत लांब वाट म्हणजे क्रिटिकल पाथ. मोहिमेला कमीत कमी 64 दिवस लागणार आणि या वाटेवरचं काम एक दिवस लांबलं की सगळंच एक दिवस लांबणार. दुरुस्तीच्या वाटेला मात्र 64 वजा 31, म्हणजे 33 दिवसांची सवड आहे.

इथवर कोणीही पोचतं. मी फसलो तो याच्या पुढे. एका मोहिमेत कामं आणि त्यांना जोडणारे बाण यांचं जाळं काढून मी भिंतीवर लावलं, क्रिटिकल पाथ लाल रंगात रंगवला आणि रोज फक्त लाल कामांचा पाठपुरावा केला. दुरुस्तीला भरपूर सवड होती, म्हणून तिच्याकडे पाहिलंच नाही. एक सुटा भाग येईना. लस वेळेवर तयार झाली, आणि ती ठेवायला जागा नाही. वरच्या आकड्यांत सांगायचं तर 12 दिवसांचं काम 50 दिवसांवर गेलं. मग दुरुस्ती, वाटप, मोहीम, फेरी यांची बेरीज 69 झाली, म्हणजे 64 पेक्षा जास्त. क्रिटिकल पाथ कधीच सरकला होता आणि माझ्या भिंतीवरचा लाल रंग तसाच होता. मोहीम परीक्षांमध्ये शिरली आणि शाळांनी दारं लावून घेतली. सगळ्यांत वाईट हे, की जुना आयएलआर आमच्या स्वॉटच्या उणिवांत ठळक अक्षरांत लिहिलेला होता.

म्हणून सांगतो, क्रिटिकल पाथ एकदा काढून ठेवायची वस्तू नाही. दर आठवड्याला काढा. त्यासाठी प्रत्येक कामाच्या माणसाला एकच प्रश्न विचारा: अजून किती दिवस लागतील? किती टक्के काम झालं, हे विचारू नका. टक्के नेहमी मागच्या कामाचे असतात आणि नव्वदवर येऊन थांबतात. विसाव्या दिवशी दुरुस्तीवाला ‘अजून 30 दिवस’ म्हणाला, तर 20 आणि 30 मिळून 50. लस पंचेचाळिसाव्या दिवशी येणार. लाल वाट बदलल्याचं तुम्हाला तेव्हाच कळतं, आणि हाती 25 दिवस असतात. तेवढ्यात शेजारच्या शीतगृहात तात्पुरती जागा मागता येते. जागा मिळाली तर तिथेही, आणि दुरुस्त आयएलआर आला तर त्यातही, आधी रिकामं चालवून तापमान 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये टिकतं का ते नोंदवून पाहा. ते दिवस दुरुस्तीच्या मुदतीतच धरायचे.

सवडीबद्दलही एक सावधगिरी. सवड कामाच्या मालकीची नसते, वाटेची असते. छपाईच्या वाटेला 31 दिवस सवड दिसते, पण छपाई 5 दिवसांहून जास्त लांबली की प्रशिक्षणाची सुरुवात पुढे जाते आणि प्रशिक्षणाची सवड खाल्ली जाते. छापणाऱ्याला 31 हा आकडा कधीही सांगू नका.

दिवस कमी कसे करायचे

घाई झाली की लोक प्रशिक्षण कापतात. 8 दिवसांचं 4 वर आणतात आणि कमी शिकलेले टोचणारे मैदानात उतरवतात. वेळापत्रकात त्याने एक दिवसही वाचत नाही, कारण प्रशिक्षण लाल वाटेवर नाही. यादी 15 ऐवजी 10 दिवसांत केली तर 5 दिवस वाचतात. पण दुरुस्ती 50 दिवसांवर गेली असेल, तर यादीची घाईही फुकट.

मुदती दाबण्याआधी ‘आधी काय’ या रकान्याकडे पाहा. पुरवठा खरंच पूर्ण यादीसाठी थांबायला हवा का? जनगणना आणि शाळांच्या पटावरून पहिला अंदाज 3 दिवसांत निघतो. त्यावर मागणी पाठवा आणि यादी झाली की फरक कळवा. वाटपाला मात्र पूर्ण यादी लागेल, ती पंधराव्या दिवशी तयार असेलच. आता लाल वाट अशी: अंदाज 3, पुरवठा 30, वाटप 4, मोहीम 10, फेरी 5. एकूण 52. कोणालाही जास्त न राबवता 12 दिवस वाचले. धोका एवढाच, की अंदाज कमी पडला तर दुसरी खेप लागेल आणि तिलाही वेळ जाईल. कागदोपत्री नोंद नसलेल्या वस्त्या किती आहेत याची कल्पना नसेल, तर हा मार्ग घेऊ नका.

आणि इथे ही पद्धत तुम्हाला चकवते. जाळ्याला माणसं दिसत नाहीत. प्रशिक्षण आणि पालकसभा दोन्ही यादीनंतर एकाच वेळी चालतील, असं ते गृहीत धरतं. बहुतेक ठिकाणी दोन्हीकडे त्याच परिचारिका असतात. तसं असेल तर 14 आणि 8 मिळून 22 दिवस एकापाठोपाठ लागतील. पंधराव्या दिवसानंतर 22, म्हणजे सदतिसावा दिवस. नव्या वेळापत्रकात वाटपही नेमकं सदतिसाव्या दिवशी संपतं. म्हणजे 52 दिवस तेच राहिले, पण आता दोन वाटा लाल आहेत आणि यादीलाही सवड उरली नाही. त्यामुळे प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचं नाव लिहा, आणि एकच नाव एकाच दिवशी दोनदा आलं की त्या दोन कामांमध्ये बाण काढा.

देखरेख आणि मूल्यमापन

रोजच्या नोंदी केंद्रनिहाय पाहा, फेरीत घरोघर जाऊन थोड्या मुलांची पडताळणी करा. मूल्यमापनात लसीकरणाच्या टक्केवारीखाली आणखी एक रकाना जोडा: प्रत्येक कामाची ठरवलेली मुदत आणि प्रत्यक्ष लागलेले दिवस. पुरवठ्याला 30 ऐवजी 41 लागले असतील, तर 41 हा आकडा पुढच्या आढाव्याच्या पहिल्या पानावर लिहा.