गुलाबी रंग टिकेना: सोडियम हायड्रॉक्साइडचं टायट्रेशन (माझा अनुभव)

व्हिनेगरच्या टायट्रेशनमध्ये फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग येऊन लगेच उडायचा, रीडिंग जुळायची नाहीत. ब्युरेट बदलला, इंडिकेटर नवा घेतला, फरक शून्य. अगदी वैताग आला होता. कारण निघालं पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड.

डिस्टिल्ड वॉटर उकळून, झाकून गार केलं आणि त्यातच सोडियम हायड्रॉक्साइडचं ताजं द्रावण केलं. या द्रावणाची नेमकी तीव्रता काढायला पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट ११० अंश सेल्सिअसला २ तास वाळवून डेसिकेटरमध्ये गार केलं, त्यातलं ०.५१०५ ग्रॅम त्याच पाण्यात पूर्ण विरघळवलं. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड टाकताना फिकट गुलाबी छटा ३० सेकंद टिकली तेव्हा ब्युरेटचं रीडिंग होतं २५.६० मिली. थॅलेटचं मोलर वस्तुमान २०४.२२ धरून सोडियम हायड्रॉक्साइडची तीव्रता आली:

०.५१०५ ÷ २०४.२२ ÷ ०.०२५६० = ०.०९७६ मोलर

मग १० मिली व्हिनेगर १०० मिलीपर्यंत पातळ केलं. त्यातल्या १० मिलीला ८.५० मिली सोडियम हायड्रॉक्साइड लागलं, म्हणजे मूळ व्हिनेगर ०.८३० मोलर, साधारण ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड.