काकाजींच्या डिव्हिडंडचे कागद समजावायला बसण्यापूर्वी

काकाजी पुण्यात एका अमेरिकन कंपनीच्या इथल्या शाखेत होते. नोकरीत मिळालेले २०० शेअर त्यांनी विकले नाहीत आणि निवृत्तीनंतर ते वर्धा जिल्ह्यातल्या गावी परतले. मी गेलो तेव्हा त्यांनी सगळे कागद बाजेवर मांडून, उडू नयेत म्हणून त्यावर अडकित्ता ठेवला होता. पहिलाच प्रश्न आला, "शंभर डॉलर जाहीर केले म्हणतात, अन् खात्यात पंच्याहत्तरच कसे?"

असं समजावायला बसायचं असेल तर तालुक्याला जाऊन छापील कागद आधीच करून घ्या. गावात नेट गेलं की सगळं अडतं, आणि ब्रोकरच्या खात्याचा ओटीपी बहुधा नोकरीच्या काळातल्या जुन्या नंबरवर जातो. चार गोष्टी हव्यात: दर तिमाहीची डिव्हिडंड नोटीस, ब्रोकरचं स्टेटमेंट, `1042-S` हा अमेरिकेतला कर कापल्याचा कागद आणि अमेरिकेचा कर कमी दराने कापावा म्हणून ब्रोकरला दिलेला `W-8BEN` फॉर्म कधी सही केला त्याची तारीख. कागद तारखेच्या क्रमाने लावा.

काकाजींना मी बाजार समितीतली पट्टी आठवायला सांगितली. पट्टीवर आधी मालाची पूर्ण किंमत, मग कपात, शेवटी हाती येणारी रक्कम. नोटिशीतही तेच असतं: पूर्ण डिव्हिडंड १०० डॉलर, अमेरिकेचा कर २५, जमा ७५. भारत-अमेरिका करारामुळे भारतात राहणाऱ्या व्यक्तीला हा दर २५ टक्के पडतो. आपल्या रिटर्नमध्ये मात्र उत्पन्न म्हणून १०० च दाखवायचे. ७५ दाखवणं ही सगळ्यात नेहमीची चूक. त्या डिव्हिडंडमधून ब्रोकरने परस्पर नवे शेअर घेतले असतील तरी ते उत्पन्नच.

यानंतर थोडं सावकाश जा, कारण खरा गोंधळ इथे होतो. `1042-S` जानेवारी ते डिसेंबरचा असतो, आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. काकाजींच्या २०२४ च्या कागदावर मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर असे चार हप्ते होते: रकाना `2` मध्ये ४००, `7a` मध्ये कर १००. पण २०२४-२५ च्या रिटर्नसाठी मार्च २०२४ चा हप्ता वगळून मार्च २०२५ चा घ्यावा लागतो, आणि तो या कागदावर नाहीच. त्यासाठी नोटीस काढली. डिव्हिडंड वाढून ११० डॉलर झाला होता, म्हणून आपल्या वर्षाचं उत्पन्न ४१० भरलं.

त्याच नोटिशीत दुसरी गोष्ट सापडली. ११० मधून २७.५० कापायला हवे होते, कापले होते ३३. म्हणजे ३० टक्के. `W-8BEN` ची सही २०२१ ची होती. सहीच्या वर्षानंतरची तीन वर्षं तो चालतो, म्हणजे ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. अमेरिकेत कापलेला कर आपल्या इथल्या करातून वजा होतो, तीच सूट. पण या जादा ५.५० डॉलरची सूट भारतात मिळत नाही, ते ब्रोकरकडे किंवा अमेरिकेच्या कर खात्याकडेच मागावे लागतात. नवा फॉर्म त्याच दिवशी भरून टाका.

रुपयांत आणताना ज्या महिन्यात डिव्हिडंड मिळाला, त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बायिंग दर, म्हणजे बँक ज्या भावाने डॉलर विकत घेते तो दर घ्यायचा. जूनच्या हप्त्याला ३१ मेचा. तो ८३ रुपये धरला तर उत्पन्न ८,३०० आणि कापलेला कर २,०७५. प्रत्येक हप्त्याचा दर वेगळा, म्हणून वहीत चार ओळी वेगळ्याच लिहा.

सूट किती मिळेल हे आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर काकाजी पूर्ण २५ टक्क्यांची वाट बघत बसतात. भारतात त्यांच्यावर सरासरी ६ टक्के कर बसत असेल तर १०० डॉलरवर ६ डॉलरइतकीच सूट. इथे कर शून्य असेल तर सूटही शून्य. अमेरिकेत गेलेला उरलेला कर आपलं आयकर खातं परत करत नाही. मला हे सांगताना जड गेलं, पण ते ऐकून काकाजींनी वहीतला आकडा स्वतः दुरुस्त केला.

रिटर्न `ITR-1` मध्ये चालत नाही, काकाजींना `ITR-2` लागतो. करातली सूट मिळवायला फॉर्म ६७ वेगळा भरायचा. २०२४-२५ साठी त्याची शेवटची मुदत ३१ मार्च २०२६ होती. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, म्हणून पुढच्या वर्षांचे फॉर्म पोर्टलवर पाहून घ्या. आणि रिटर्नमधला परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता, `Schedule FA`, सोडू नका: शेअर नुसते पडून असले, डिव्हिडंड आला नसला तरी ते तिथे दाखवावेच लागतात, तेही जानेवारी ते डिसेंबरच्या हिशेबाने. त्यासाठी ३१ डिसेंबरचं ब्रोकरचं स्टेटमेंट त्याच गठ्ठ्यात ठेवा.