लिहिलेलं खोडून व्हिडिओ कापायचा कसा: काकींच्या आगळाचा धडा

मे महिन्यात मालवणला शेजारच्या काकींचा कोकमाचं आगळ करतानाचा व्हिडिओ घेतला. चौदा मिनिटं भरला, हवी होती चार. टाइमलाइनवर लाटांसारख्या दिसणाऱ्या आवाजाच्या रेघांत नेमकं वाक्य शोधत बसण्यापेक्षा बोललेलं सगळं लिहून काढायचं आणि नको ते खोडायचं, हे सोपं.

मी केडेनलाइव्ह हे व्हिडिओ संपादनाचं सॉफ्टवेअर वापरते. ते मोफत आहे. सेटिंगमध्ये आवाजावरून मजकूर करण्यासाठी Whisper निवडा आणि भाषा स्वतः मराठी ठेवा. भाषा ओळखण्याचं काम त्याच्यावर सोडलं, तर मराठीला हिंदी समजण्याचा धोका असतो. मॉडेल निदान medium घ्या. tiny आणि base झटपट काम करतात, पण मराठीचा पार चिवडा करतात. मग क्लिप निवडून Speech Editor उघडा आणि ओळख सुरू करा. साध्या लॅपटॉपवर याला बराच वेळ लागतो. तेवढ्यात चहा होतो.

मजकूर आला की पहिला मोह होतो चुका दुरुस्त करायचा. तो आवरा. इथे मजकूर खोडला की त्याखालचा व्हिडिओही जातो. चुकीचं उमटलेलं ‘आम सुलं’ खोडलंत, तर काकींच्या तोंडचं ‘आमसुलं’ गेलं. म्हणून आधी कापणी, शुद्धलेखन नंतर.

कापताना मजकुरावर आंधळा विश्वास नको. काकी म्हणाल्या होत्या, “लगेच गाळूचा असा नाय हां, चार दिस मुरांक दी.” पडद्यावर उमटलं, ‘लगेच गाळायचं’, आणि पुढच्या ओळीत ‘असं नाही हां’. दुसरी ओळ मला भरतीची वाटली, मी खोडली. राहिलेल्या व्हिडिओत काकी लगेच गाळायला सांगत होत्या! मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो आणि यंत्र वाक्य मध्येच तोडतं. त्यामुळे ओळ खोडण्याआधी तिच्या मागचं-पुढचं एकेक वाक्य ऐकाच. आणखी एक: बोलणं थांबलेलं असताना, नुसता वारा किंवा समुद्र वाजत असताना, Whisper कधी कधी कुणीच न बोललेलं वाक्य लिहितं, नाहीतर एकच ओळ पुन्हा पुन्हा. तिथे मजकूर नव्हे, आवाज खरा.

शब्दांच्या वेळाही अगदी अचूक नसतात. शब्दाच्या कडेला कापलं की शेवटचा स्वर तुटतो, ‘नको’चं ‘नक’ होतं. टाइमलाइनवर प्रत्येक कापाच्या दोन्ही बाजूंना तीन-चार फ्रेम जास्त ठेवा. सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. किनाऱ्यावरच्या चित्रीकरणात मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो लाटांचा: कापाच्या जागी लाट अर्ध्यात तुटते आणि कानाला लगेच कळतं. शूटिंगच्या वेळीच अर्धा मिनिट नुसता समुद्र रेकॉर्ड करून ठेवा आणि तो पुन्हा पुन्हा जोडून सगळ्या व्हिडिओखाली हळू आवाजात सलग पसरा. चित्रातली उडी झाकायला रातांबे फोडणाऱ्या हातांचं दृश्य पुरतं.

आता दुरुस्ती. तयार चार मिनिटांचा व्हिडिओ बाहेर काढून त्याचीच नवी उपशीर्षकं करून घ्या. कापण्याआधीच्या वेळा आता जुळणार नाहीत. Whisper संगणकावर स्वतंत्रपणे बसवलेलं असेल, तर टर्मिनलमध्ये ही आज्ञा द्या:

```
whisper agal.mp4 --model medium --language mr --output_format srt
```

निघालेली फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, UTF-8 मध्येच जतन करा आणि वेळेच्या ओळींना हात लावू नका. बहुतेक चुका ठरलेल्या असतात: ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’, ‘केलं’वरचा अनुस्वार गायब, प्रत्यय सुटा पडून ‘रातांब्यां च्या’. पदार्थांची आणि गावांची नावं तर हमखास जातात. माझ्याकडे ‘आगळ’चं सगळीकडे ‘आग’ झालं होतं.

‘शोधा आणि बदला’ वापरताना मी तिथेच फसले. ‘आग’ला ‘आगळ’ केलं, आणि ‘आगीवर ठेवू नका’चं ‘आगळीवर ठेवू नका’ झालं. तेव्हापासून ‘सगळे बदला’ बंद, एकेक जागा पाहून बदलायचं. शोधूनही शब्द सापडत नसेल, तर तो दुसऱ्या कोडने लिहिलेला असू शकतो. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ हे प्रत्येकी एकाहून अधिक प्रकारे टंकले जातात. दिसतात सारखे, शोधात मात्र वेगळे. फाइलमधलाच शब्द कॉपी करून शोधा.

मालवणीचं काय करायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. यंत्राने ‘गाळूचा’चं ‘गाळायचं’ केलं ते अर्थाने बरोबरच होतं. तरी मी काकींचंच परत लिहिलं. कानावर एक आणि डोळ्यांसमोर दुसरं आलं की वाचणारा अडखळतो. शिवाय काकींनी पाहिलं असतं तर म्हणाल्या असत्या, “ह्यां मी कधी बोल्लंय?”