तीन शिफ्टचं गणित शेवटी असं जमलं

आमच्या डायलिसिस युनिटला चार मशीन, दोन टेक्निशियन. चार्टवर ७, ११:३०, ४ असं लिहिलेलं, पण शेवटचा पेशंट घरी जायला रात्रीचे अकरा वाजायचे. आधी वाटलं पेशंटच उशिरा येतात, मग आठवडाभर घड्याळ लावून बघितलं तर घोळ मधल्या वेळात होता.

चार तास झाले की रक्त परत द्यायला १० मिनिटं, सायट्रिक टाकून हीट डिसइन्फेक्शन ३५ मिनिटं, मग टेस्ट, नवीन लाइन, प्रायमिंग धरून २५, नीडल लावायला ५. म्हणजे ७५ मिनिटं, आणि आम्ही धरलेली ३०! त्यात चारही मशीन एकदमच ११ ला सुटायच्या, हात मात्र चारच.

वॉश कमी करायचा नाही हे नक्की होतं, म्हणून सुरुवातच पुढेमागे केली: ७, ७:१५, ७:३०, ७:४५. पहिल्या मशीनवर दुसरा पेशंट १२:१५ ला, तिसरा ५:३० ला. सुई काढल्यावर हातावरचा फिस्टुला दाबून बसायचं ते खुर्चीत, तोवर मशीन धुवायला लागलेली असते. एका काकांचं रक्त लवकर थांबत नाही, त्यांना आता शेवटच्या मशीनवर घेतो.

चौथी मशीन सुटते सव्वादहाला. गावाकडचे पेशंट सकाळीच घेतो, रात्री एसटी नसते ना.